किती आणि कितवा: १ + ω आणि ω + १ वेगळे का?

माझी भाची गणित घेऊन बी.एस्सी. करते आहे. एकदा रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "मामा, एक ओळ वाचून दाखवते. एक अधिक ओमेगा बरोबर ओमेगा. पण ओमेगा अधिक एक म्हणजे ओमेगा नव्हे. ही छपाईची चूक आहे ना?"

छपाईची चूक नव्हती, पण तिचं अडणं अगदी रास्त होतं. पाचवी-सहावीपासून आपण क्रमनिरपेक्षता शिकतो. तीन अधिक पाच करा किंवा पाच अधिक तीन करा, उत्तर आठच. हा नियम इतका अंगवळणी पडलेला असतो की बेरीज आणि क्रमनिरपेक्षता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच आपण विसरतो. मग एक दिवस अशी बेरीज समोर येते जिच्यात डावीकडे एक मिळवला तर काहीच बदलत नाही आणि उजवीकडे मिळवला तर बदलतं.

तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे थोडं सावकाश लिहितो. जमा-वजाबाकी येणाऱ्या कुणालाही हे कळू शकतं. मात्र सुरुवात गणितापासून नाही, व्याकरणापासून करावी लागते.

## दोन प्रश्न, दोन प्रकारच्या संख्या

शाळेत संख्याविशेषणांचे प्रकार पाठ केले होते ते आठवा. एक, दोन, तीन हे गणनावाचक. पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमवाचक. दवाखान्यात नंबर लावून बसलो की आपण दोन वेगळे प्रश्न विचारतो. "किती पेशंट आहेत?" हा एक, आणि "माझा नंबर कितवा?" हा दुसरा. "कितवा" हा एवढा नेमका शब्द आपल्या भाषेत आहे याचा मला फार आनंद वाटतो, कारण आजचा सगळा विषय त्या एका शब्दात आहे.

गणनावाचक संख्या "किती" या प्रश्नाचं उत्तर देते. माणसं कशीही उभी असोत, गर्दी असो की रांग, आपण फक्त डोकी मोजतो. क्रमवाचक संख्येला डोकी पुरत नाहीत, तिला रांग लागते. कोण आधी, कोण नंतर हे ठरलेलं असावं लागतं. गणितात क्रमवाचक संख्या म्हणजे रांगेचा आकार. दोन रांगांमधल्या माणसांच्या जोड्या अशा लावता आल्या की कुणी उरत नाही आणि आधी-नंतरचा क्रम कुठेही उलटा होत नाही, तर त्या दोन रांगांचा आकार एकच, म्हणजे त्यांची क्रमवाचक संख्या एकच.

रांगेवर एक अट मात्र आहे. तिच्यातली कुठलीही माणसं निवडून बाजूला काढली, अगदी एकच काढला किंवा अनंत काढले, तरी त्यांच्यात सगळ्यात पुढचा कोण हे सांगता आलं पाहिजे. अशा रांगेला सुक्रमित म्हणतात. ही अट सध्या फक्त लक्षात ठेवा, तिचा उपयोग शेवटी होईल.

आता ओमेगा, म्हणजे ω. समजा, एक खिडकी आहे आणि तिच्यासमोर रांग आहे. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, अशी ती पुढे चालूच राहते आणि शेवटचा माणूसच नाही. प्रत्येकाच्या मागे कुणीतरी उभा आहे. या रांगेच्या आकाराचं नाव ω. हे चिन्ह या अर्थाने वापरायला सुरुवात केली गेऑर्ग कँटर यांनी, १८८३ साली. ते जर्मनीतल्या हाले शहरात प्राध्यापक होते.

## बेरीज म्हणजे रांगेला रांग जोडणं

क्रमवाचक संख्यांची बेरीज अगदी साधी आहे. आधी पहिली रांग उभी करायची आणि ती संपूर्ण झाली की तिच्यामागे दुसरी रांग. तीन माणसांच्या रांगेमागे पाच माणसांची रांग लावली की आठ माणसांची रांग होते. पाचांच्या मागे तीन लावले तरी आठांचीच. इथे क्रम बदलून फरक पडत नाही.

पण तो का पडत नाही, इकडे जरा थांबून पाहू. आठ माणसांना तुम्ही कुठल्याही क्रमाने उभं करा, आकार एकच निघतो: एक पहिला, एक दुसरा, असं करत एक आठवा. नावं बदलतील, आकार बदलणार नाही. म्हणजे मोजक्या, अर्थात अनंत नसलेल्या, माणसांच्या बाबतीत "किती" कळलं की "कितवा"चा सगळा आराखडा आपोआप कळतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरं इतकी हातात हात घालून चालतात की ते वेगळे प्रश्न आहेत हे जाणवतच नाही. शाळेतली क्रमनिरपेक्षता उभी आहे ती या योगायोगावर. रांग अनंत झाली की तो योगायोग संपतो.

## पट्टीवर करून पाहू

अनंत माणसांची रांग डोळ्यांसमोर आणणं अवघड जातं, म्हणून फूटपट्टी घ्या. शून्य आणि एक या दोन खुणांच्या मधली जागा आपल्याला पुरेल. तिथे या खुणा करा:

१/२, २/३, ३/४, ४/५, ५/६, …

डावीकडून उजवीकडे जाताना प्रत्येक खूण आधीच्या खुणेच्या उजवीकडे आहे, शेवटची खूण नाही, आणि सगळ्या १ च्या डावीकडेच राहतात. ही आपली ω रांग. सगळी शून्य ते एक एवढ्या अंतरात मावली.

आता १ + ω. म्हणजे आधी एकटा माणूस आणि त्याच्यामागे ω. पट्टीवर १/२ च्या आधी ० ही खूण करा:

०, १/२, २/३, ३/४, ४/५, …

या नव्या रांगेचा आकार जुन्या रांगेपेक्षा वेगळा आहे का? जोड्या लावून बघू. नव्या रांगेतला ० जुन्या रांगेतल्या १/२ शी जोडा. नव्यातला १/२ जुन्यातल्या २/३ शी, नव्यातला २/३ जुन्यातल्या ३/४ शी, आणि असंच पुढे. प्रत्येक जण एक घर सरकतो. नव्या रांगेत कुणी उरला? नाही. जुन्या रांगेत कुणी बिनजोडीचा राहिला? नाही. क्रम कुठे उलटला? कुठेही नाही. ज्यांना सूत्र हवं त्यांच्यासाठी: x या खुणेची जोडी १/(२ − x) शी लागते. x च्या जागी ० घाला, १/२ मिळेल. १/२ घाला, २/३ मिळेल.

म्हणजे रांगेचा आकार तोच राहिला आणि १ + ω = ω.

आता ω + १. आधी सगळी ω रांग आणि ती पूर्ण झाल्यावर मागे एक माणूस. पट्टीवर जुन्याच खुणा ठेवून त्या सगळ्यांच्या उजवीकडे १ ही खूण करा:

१/२, २/३, ३/४, ४/५, … १

ही रांग ω च्या आकाराची आहे का? समजा, कुणी म्हणालं की मी या रांगेच्या आणि ω च्या जोड्या क्रम न मोडता लावून दाखवतो. त्याला एवढंच विचारा, "या शेवटच्या १ ची जोडी तू कुणाशी लावलीस?" त्याला ω रांगेतला कुणीतरी ठरावीक माणूस दाखवावा लागेल. समजा, त्याने शंभरावा दाखवला. मग १ च्या आधी असलेले सगळे त्या शंभराव्याच्या आधी बसवावे लागतील, पण तिथे जागा नव्याण्णवच. इकडे १ च्या आधी अनंत खुणा. शंभराव्याऐवजी दहा लाखावा दाखवला तरी हीच अडचण. ω रांगेत प्रत्येकाच्या आधी मोजकीच माणसं असतात, आणि ω + १ च्या रांगेत एक माणूस असा आहे ज्याच्या आधी अनंत आहेत. त्याला ω मध्ये जागाच नाही.

म्हणून ω + १ हा ω पेक्षा वेगळा आणि मोठा आकार आहे. आणि १ + ω बरोबर ω असल्यामुळे १ + ω आणि ω + १ एकमेकांसारखे नाहीत. तेच दोन पदार्थ, तीच बेरीज, फक्त बाजू बदलली.

फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. रांगेतल्या प्रत्येकाला विचारा, "तुमच्या लगेच आधी कोण आहे?" १ + ω मध्ये खिडकीपाशी उभा असलेला सोडला तर प्रत्येकाकडे उत्तर आहे. ω + १ मध्ये मात्र दोघांकडे उत्तर नाही. पहिल्याकडे नाही, कारण त्याच्या आधी कुणीच नाही. आणि शेवटच्याकडे नाही, कारण त्याच्या आधी इतके आहेत की त्यांच्यात "लगेच आधीचा" कुणी नाही. पट्टीवरच्या १ कडे पाहा. ९९/१०० त्याच्या जवळ आहे, पण ९९९/१००० आणखी जवळ आहे, आणि हे थांबत नाही. एकाकीपणाचे हे दोन प्रकार आहेत आणि ω + १ मध्ये दोन्ही सापडतात.

## "अनंत रांग संपतच नाही, मग तिच्यामागे उभं कसं राहणार?"

भाचीने हाच प्रश्न विचारला आणि बहुतेकांचा पाय इथेच अडकतो. ω रांगेला टोक नाही. मग नवा माणूस चालत चालत रांगेच्या टोकाशी पोहोचणार कसा?

चालत गेला तर पोहोचणार नाहीच. पण मागे उभं राहण्यासाठी चालत जावं लागत नाही. "हा माणूस त्या सगळ्यांच्या नंतरचा" एवढा नियम ठरला की झालं. पट्टीवरची १ ही खूण करताना आपण १/२, २/३, ३/४ असं एकेक पाऊल टाकत गेलो नव्हतो. पेन्सिल सरळ १ वर टेकवली. ती खूण तिथे आहे, आणि आधीच्या प्रत्येक खुणेच्या उजवीकडे आहे, यात शंकेला जागा नाही.

गफलत "संपत नाही" या शब्दांत आहे. रांगेला शेवटचा माणूस नसणं ही एक गोष्ट, आणि रांगेच्या पलीकडे काहीच नसणं ही वेगळी गोष्ट. शून्य आणि एक यांच्यामध्ये मावणाऱ्या रांगेला शेवटचा माणूस नाही, तरी तिच्या पलीकडे अख्खी पट्टी पडलेली आहे.

## "पण माणसं तर तितकीच आहेत ना?"

हो, तितकीच आहेत. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे आणि तो आपल्या निष्कर्षाच्या आड येत नाही.

अनंत खोल्यांच्या भरलेल्या हॉटेलची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. डाविड हिल्बर्ट यांच्या नावाने ती ओळखली जाते. नवा पाहुणा आला की प्रत्येकाला एक खोली पुढे सरकवायचं आणि पहिली खोली रिकामी करून द्यायची. तिथे "किती" एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बदलत नाही. ω + १ मधल्या शेवटच्या माणसाला उचलून खिडकीपाशी उभं केलं की १ + ω होतो, म्हणजेच ω. डोकी तीच राहिली, म्हणून "किती"ला फरक पडला नाही.

पण त्याला उचलून पुढे नेलं, तेव्हा रांग मोडली. रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, मागचा माणूस थेट खिडकीपाशी नेणं म्हणजे "रांग तशीच आहे" असं होतं का? गणनावाचक बेरजेत ही हलवाहलव चालते, क्रमवाचक बेरजेत चालत नाही, कारण तिथे क्रम हीच मोजायची वस्तू आहे. हॉटेलच्या गोष्टीत अनंत अधिक एक म्हणजे अनंतच, आणि इथे ω + १ म्हणजे ω पेक्षा मोठा. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, कारण प्रश्न वेगळे आहेत.

## हे कुणाला आणि कशासाठी लागलं?

क्रमवाचक संख्या म्हणजे कुणी तरी रिकाम्या वेळेत घडवलेली करामत, असं वाटू नये म्हणून कँटर तिथे कसे पोहोचले ते सांगतो. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

साइन-कोसाइनच्या अनंत मालिकांवर काम करताना १८७२ मध्ये त्यांनी रेषेवरच्या बिंदूंच्या समूहांवर एक क्रिया वापरली. आपण तिला झाडणी म्हणू. एका फेरीत आपल्या समूहातले एकटे बिंदू काढून टाकायचे. एकटा म्हणजे ज्याच्या आजूबाजूला थोडी तरी मोकळी जागा आहे असा. ज्याच्या कितीही जवळ पाहिलं तरी समूहातले दुसरे बिंदू दिसतात, तो राहतो. उदाहरणार्थ १, १/२, १/३, १/४, … हे बिंदू आणि सोबत ० घ्या. १/३ एकटा आहे, कारण १/२ आणि १/४ त्याच्यापासून ठरावीक अंतरावर आहेत. तसाच प्रत्येक जण एकटा. पण ० च्या कितीही जवळ पाहा, गर्दी आहेच. म्हणून पहिल्या फेरीत फक्त ० उरतो. आता तो बिचारा एकटा पडला, म्हणून दुसऱ्या फेरीत तोही जातो. हा समूह दोन फेऱ्यांत साफ.

असे पुंजके रचता येतात जे साफ व्हायला तीन फेऱ्या लागतात, किंवा चार, किंवा हवे तितके. आता १ जवळ एका फेरीत साफ होणारा पुंजका ठेवा, १/२ जवळ दोन फेऱ्यांचा, १/३ जवळ तीन फेऱ्यांचा, असं करत जा. पुंजके इतके आटोपशीर ठेवा की एकमेकांत मिसळणार नाहीत. सोबत ० हा बिंदू आहेच.

झाडणी सुरू करा. शंभर फेऱ्या झाल्या तरी १/१०१ जवळचा पुंजका आणि त्यापुढचे सगळे थोडे थोडे उरलेले असतात, आणि ते ० भोवती गर्दी करून असतात. म्हणून ० जात नाही. कुठलीही मोजकी फेरी घ्या, ० टिकतो. सगळ्या मोजक्या फेऱ्या उरकल्या, म्हणजे ω फेऱ्या झाल्या, की प्रत्येक पुंजका नाहीसा झालेला असतो आणि ० एकटा उरतो. अजून एक फेरी केली की तो जातो. म्हणजे हा समूह साफ व्हायला ω फेऱ्या पुरत नाहीत, ω + १ लागतात.

आणि जादा फेरी सुरुवातीलाच केली तर? आधी एक फेरी आणि मग ω फेऱ्या. म्हणजे पहिली, मग दुसरी, तिसरी, … या तर त्याच ω फेऱ्या झाल्या! तेवढ्या झाल्यावर ० अजून जागेवरच बसलेला असेल. शेवटची ती एकच फेरी त्याला हलवते, आणि ती सगळ्यांच्या नंतरच व्हावी लागते. १ + ω आणि ω + १ यांच्यातला फरक इथे एका बिंदूच्या असण्या-नसण्याइतका ठसठशीत आहे.

कँटर यांनी १८८० च्या लेखात अशा फेऱ्या मोजायला आधी ∞ आणि ∞ + १ अशी चिन्हं वापरली होती. १८८३ मध्ये त्यांनी ∞ ची जागा ω ला दिली आणि या खुणांना स्वतंत्र संख्या म्हणून मान्य केलं. क्रमनिरपेक्षता इथे टिकत नाही हेही त्याच लेखनात त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं.

## "मग व्याख्याच बदलू, क्रमनिरपेक्ष होईल अशी"

तशी बेरीजही आहे. गेर्हार्ड हेसेनबर्ग यांनी १९०६ मध्ये ती मांडली आणि तिला नैसर्गिक बेरीज म्हणतात. तिच्यात एक आणि ω कुठल्याही बाजूने मिळवा, उत्तर ω + १ च येतं. काही कामांसाठी ती सोयीची आहे.

पण तिची किंमत मोजावी लागते. ती बेरीज "आधी ही रांग, मग ती" या क्रियेचं उत्तर देत नाही. आत्ताच पाहिलेल्या झाडणीत एक फेरी आधी करून मग ω फेऱ्या केल्या, तर खरोखर झालेल्या फेऱ्या ω च असतात. नैसर्गिक बेरीज म्हणेल ω + १. हिशेब सुटसुटीत झाला, पण तो घडलेल्या गोष्टीचा हिशेब राहिला नाही. म्हणून जिथे एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी मोजायच्या आहेत तिथे कँटर यांचीच बेरीज वापरावी लागते.

## आकडेमोड करताना कुठे घसरतो

क्रमनिरपेक्षता गेली म्हणजे बेरजेचे सगळे नियम गेले असं नाही. साहचर्य टिकतं: तीन रांगा एकामागे एक लावताना आधी कुठल्या दोन जोडल्या याने फरक पडत नाही. (१ + ω) + १ हा ω + १ होतो, आणि १ + (ω + १) हाही ω + १ च. मघाच्या सूत्रात x = १ घालून पाहा, उत्तर १ च येतं. पुढचे सगळे एकेक घर सरकतात आणि शेवटचा जागचा हलत नाही.

काटाकाट करताना मात्र सांभाळून राहावं लागतं. ० + ω आणि १ + ω दोन्ही ω आहेत. इथे उजवीकडचा ω दोन्ही बाजूंनी खोडला तर ० = १ असं भलतंच हाती येईल. उजवीकडचं पद खोडता येत नाही, डावीकडचं सारखं असेल तर खोडता येतं. तसंच १ + x = ω या समीकरणाला उत्तर आहे, x = ω. पण x + १ = ω ला उत्तर नाही, कारण x + १ च्या रांगेला शेवटचा माणूस असणारच आणि ω ला तो नाही.

एक बेरीज शेवटपर्यंत करून पाहू: (ω + १) + (ω + १). घाईत कुणीही दोन ω आणि दोन एक असं लिहील. पण रांग उभी करा. आधी एक अनंत रांग, मग एकटा माणूस, मग दुसरी अनंत रांग, मग आणखी एकटा. मधल्या माणसाकडे बघा. त्याच्यामागे लगेच दुसरी अनंत रांग सुरू होते, म्हणजे तो त्या रांगेचा पहिलाच माणूस झाला. १ + ω म्हणजे ω, तसा तो त्या रांगेत विरघळून गेला. शेवटच्या एकट्याच्या मागे कुणी नाही, म्हणून तो तसाच राहतो. उत्तर ω + ω + १. अनंत रांगेच्या लगेच आधी आलेली मोजकी माणसं, मग ती एक असोत की एक कोटी, तिच्यात सामावून जातात. मागे आलेला एक जणही सामावत नाही.

## उधारीचा वायदा

आता सुक्रमित रांगेची ती अट कामाला येते. ω + १ रांगेच्या सगळ्यात मागे, रांगेबाहेर तुम्ही उभे आहात असं समजा. खिडकीकडे जायचं आहे. प्रत्येक उडीत रांगेतल्या आधीच्या कुठल्याही जागेवर जाता येतं, मागे फिरता येत नाही. अट अशी की तुम्ही उतरलेल्या जागा बाजूला काढल्या तर त्यांच्यात सगळ्यात पुढची एक असणारच. म्हणजे उड्या कधी ना कधी थांबतातच. ही खात्री फार मोलाची आहे. १९४९ मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी संगणकाचा प्रोग्रॅम थांबतो हे कसं तपासावं याबद्दल लिहिताना हीच कल्पना सुचवली: प्रत्येक पावलाला कमी होत जाणारी एक राशी दाखवा, आणि ती राशी क्रमवाचक संख्याही असू शकते.

भाचीला मी हे किराणा दुकानाच्या उधारीतून सांगितलं. गिऱ्हाईक म्हणतं, "आज एक आकडा सांगतो, तेवढ्या दिवसांत पैसे देतो." आकडा कितीही मोठा असू शकतो, पण तो आजच सांगायचा आणि मग रोज एकेक दिवस कमी होत जाणार. हा ω चा वायदा. इथे एक दिवस म्हणजे एक उडी, आणि खिडकी गाठली म्हणजे पैसे मिळाले. रांगेबाहेरून मारलेली पहिलीच उडी एखाद्या नंबरच्या जागेवर पडते.

दुसरं गिऱ्हाईक म्हणतं, "आज आकडा सांगतो, आणि तेवढे दिवस झाले की वर एक दिवसाची सवलत द्या." हा १ + ω. जादा दिवस खिडकीपाशी आहे. दुकानदाराला काय फरक पडला? काहीच नाही. गिऱ्हाइकाने चाळीस सांगितले तर एक्केचाळीस समजायचे. आकडा तर आजच कळतो आहे.

तिसरं म्हणतं, "किती दिवसांत देतो ते उद्या सांगतो." हा ω + १. जादा दिवस एकच आहे, पण तो आकड्याच्या आधी वापरला जातो. आज दुकानदाराच्या वहीत लिहायला आकडाच नाही, आणि उद्या येणारा आकडा कितीही मोठा असू शकतो. पैसे मोजक्या दिवसांत नक्की मिळणार, फक्त किती ते उद्यापर्यंत कुणालाच माहीत नाही.

भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे 'किती दिवसांनी आकडा सांगेन, ते आज सांगतो' असं कुणी म्हणालं, तर तो ω + ω?"

बरोबर ω + ω. आज पहिला आकडा, तेवढे दिवस सरले की दुसरा आकडा, आणि तो सरला की पैसे.